पिशवीच्या रंगासोबत सुईचा प्रवासही विचारा

मा. परीक्षक महोदय आणि महोदया,



जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग आणि एमबीबीएसच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या, प्रात्यक्षिकाच्या वेळी टेबलापलीकडे बसून ‘ही सुई कुठे टाकशील?’ असं विचारणाऱ्या आपणा सर्वांना हे अनावृत पत्र. मी रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. कुणाला सुई टोचली की त्याची नोंद माझ्या रजिस्टरात होते आणि वॉर्डातल्या पिशव्यांमध्ये काय पडलंय हे पाहत फिरणंही माझंच काम. त्यामुळे एकाच गोष्टीची दोन टोकं मला रोज दिसतात. परीक्षेत मात्र ही टोकं एकमेकांना कधी भेटत नाहीत. रंगांचा तक्ता एका धड्यात असतो, सुई टोचल्यावर करायचे उपाय दुसऱ्या धड्यात, आणि दोन्हींना गुणही स्वतंत्र. हा एकच प्रश्न आहे आणि तो एकच म्हणून विचारावा, अशी माझी विनंती आहे.

‘वापरलेली सुई कोणत्या डब्यात?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थिनी ‘पांढऱ्या’ असं बरोबर उत्तर देते. तीच मुलगी वॉर्डात आली की एका हातात रक्त भरलेली सिरिंज, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा, पेशंट हात हलवतोय आणि पांढरा डबा नर्सिंग स्टेशनवर, म्हणजे तीन खाटांपलीकडे. मग ती सुईवर टोपण चढवते, किंवा सगळं किडनी ट्रेमध्ये ठेवते. नंतर ट्रे रिकामा करताना सुईसकट सिरिंज लाल पिशवीत जाते. तक्ता तिला पाठ होता. पण ती सुई लाल पिशवीत गेल्यावर पुढे कोणाच्या हाताला लागणार, हे तिला कोणी विचारलेलंच नव्हतं.

रंग नेमका काय सांगतो, तिथून सुरुवात करू. पुष्कळ विद्यार्थी असं धरून चालतात की रंग धोक्याची पातळी दाखवतो: पिवळा फार घाण, लाल जरा कमी, निळा किरकोळ. प्रत्यक्षात रंग पुढचा पत्ता सांगतो. पिवळी पिशवी भट्टीकडे जाते. त्यात शरीराचे अवयव, वार, रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग, प्लास्टर, कालबाह्य औषधं असं जाळूनच संपवायचं सारं येतं. लाल पिशवी ऑटोक्लेव्ह किंवा मायक्रोवेव्हमध्ये निर्जंतुक होते, मग तिच्यातल्या प्लास्टिकचे यंत्रात तुकडे होतात आणि ते प्लास्टिक पुनर्वापराला जातं. म्हणून सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, रिकामी युरिन बॅग, ग्लोव्हज आणि सुई काढलेली सिरिंज हे सगळं लाल. पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यातले धारदार धातू निर्जंतुक करून तुकडे केले जातात किंवा धातूच्या वा सिमेंटच्या आवरणात कायमचे बंद होतात. निळ्या खुणेच्या खोक्यातली काच धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वितळवायला जाते.

हे एकदा कळलं की पाठांतराची गरज निम्मी होते, आणि चुकलं तर काय होईल हेही आपोआप कळतं. लाल पिशवीतली नळी पिवळ्या पिशवीत गेली तर क्लोरीन असलेलं प्लास्टिक भट्टीत जळतं आणि त्यातून डायॉक्सिन, फ्युरान यांसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात. पिवळ्यातला रक्ताळलेला कापूस लालमध्ये गेला तर पुनर्वापराचं प्लास्टिक वाया जातं. पण सुई लालमध्ये गेली तर ती वाटेतच माणसाला गाठते. पिशवी बांधणारी मावशी, ती ढकलगाडीवर चढवणारे मामा, कचरा गाडीत भरणारा मुलगा, प्रक्रिया केंद्रावर पिशवी उघडणारा कामगार. या साखळीतल्या एकाही माणसाने ती सुई वापरलेली नसते आणि ती कोणत्या पेशंटची हे त्यांपैकी कोणालाच सांगता येत नाही.

आता उत्तरपत्रिकांमध्ये हमखास दिसणाऱ्या गोंधळाविषयी. काही जण सुई निळ्यात लिहितात, काही कालबाह्य औषधं काळ्या पिशवीत टाकतात. ही उत्तरं त्यांनी मनाने रचलेली नसतात, ती 1998 च्या नियमांतून आलेली आहेत. त्या नियमांत कचऱ्याचे दहा वर्ग होते, धारदार वस्तूंसाठी ‘निळा किंवा पांढरा अर्धपारदर्शक’ असा एकत्र पर्याय होता आणि टाकून दिलेली औषधं काळ्यात जात. ड्रेसिंगसारखा रक्ताळलेला कचरा तर पिवळ्यातही बसत असे आणि लालमध्येही. 28 मार्च 2016 रोजी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आले आणि ही मांडणी संपली. चार रंग राहिले, औषधं पिवळ्यात आली, निळा काचेसाठी आणि शरीरातून काढलेल्या धातूच्या इम्प्लांटसाठी ठेवला गेला. 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि निळ्या खुणेच्या पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी टोचून न फाटणारा, न गळणारा डबा आला, कारण फुटलेली अँप्यूल पुठ्ठ्यातून सहज बाहेर येते. जुन्या गाईडांची पुनर्मुद्रणं अजून हातोहात फिरतात. प्रश्न काढताना आदर्श उत्तर कोणत्या नियमांनुसार तपासायचं आहे ते आपण प्रश्नपत्रिकेतच लिहावं. ‘2016 च्या नियमांनुसार आणि त्यातील दुरुस्त्यांसह’ एवढे शब्द पुरेत. त्यामुळे जुन्या गाईडचं काय करायचं हेही विद्यार्थ्याला समजेल.

प्रात्यक्षिकाच्या टेबलावर रंगीत चित्रांऐवजी खऱ्या, न वापरलेल्या वस्तूंचा एक ट्रे ठेवा आणि त्यात मुद्दाम अडचणीच्या वस्तू ठेवा. इन्सुलिन सिरिंज ठेवा. तिची सुई वेगळी होत नाही, म्हणून ती अख्खीच पांढऱ्या डब्यात जाते, प्लास्टिक दिसलं म्हणून लालमध्ये नाही. आयव्ही कॅन्युला ठेवा. तिच्या आतली पोलादी सुई पांढऱ्यात, पेशंटच्या शिरेतून नंतर निघालेली मऊ नळी लालमध्ये. एकाच वस्तूचे दोन भाग दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या ठिकाणी जातात, हे चित्रात दाखवता येत नाही. रक्ताची पिशवी ठेवा. ती प्लास्टिकची असली तरी आत रक्त उरलेलं असतं, म्हणून ती पिवळ्यात. काचेच्या दोन वायल ठेवा, एक साध्या अँटिबायोटिकची आणि एक केमोथेरपीच्या औषधाची. पहिली निळ्यात, दुसरी सायटोटॉक्सिकचं लेबल लावलेल्या पिवळ्या पिशवीत. शेवटी सिरिंजचं कागदी वेष्टन ठेवा. त्याला यांपैकी कोणताच रंग नाही, ते नगरपालिकेच्या साध्या कचऱ्यात जातं. सगळंच पिवळ्यात भरणारा विद्यार्थी या शेवटच्या वस्तूवर लगेच सापडतो.

त्या ट्रेजवळ हब कटरही ठेवा आणि हाताकडे बघा. सुई लावलेली सिरिंज हब कटरच्या भोकात घालून दांडी दाबली की सुई तिच्या प्लास्टिकच्या बुडासकट खाली डब्यात पडते, सिरिंजचं तोंड कापलं जातं आणि ती पुन्हा वापरता येत नाही. हे पेशंटच्या खाटेजवळ, एका हाताने, टोपण न चढवता झालं पाहिजे. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. वर सुया डोकावत असलेल्या डब्यात आणखी एक सुई दाबून घालताना होणाऱ्या जखमा तर डबा असूनही होतात. टोपण चढवण्याशिवाय खरंच इलाज नसेल तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईने ते उचलून घ्यायचं, दुसरा हात पाठीमागे. विद्यार्थ्याने दुसरा हात पुढे आणला की तिथेच गुण कापा. तोंडाने त्याने ‘रिकॅपिंग करू नये’ म्हटलेलं असेल तरीही.

आता मी जो प्रश्न विचारला जावा असं म्हणते तो मांडते. ही परिस्थिती मी परीक्षेसाठी रचली आहे, पण तिच्यातला एकही तुकडा माझ्या रजिस्टराला अनोळखी नाही.

मेडिसिन वॉर्ड, रात्रपाळी. पहाटे 2 वाजून 40 मिनिटांनी सफाईचं काम करणाऱ्या मावशी भरलेली लाल पिशवी उचलून दाराकडे निघतात. पिशवी मांडीवर आपटते आणि साडीतून सुई आत शिरते. त्या पिशवी खाली ठेवून पाहतात तर 5 मिलीची सिरिंज, तिला सुई तशीच, आणि सुईच्या बुडाशी रक्त दिसतंय. मांडीवर रक्ताचा थेंब आलेला. मावशी तिथेच जखम दोन बोटांनी पिळू लागतात. ड्यूटीवरची विद्यार्थिनी धावत येते, तिच्या हातात स्पिरिटचा बोळा आहे. ती आता काय करेल?

पहिलं उत्तर बोळ्याचं आहे. तो बाजूला ठेवायचा आणि पिळणं थांबवायचं. आपल्याकडे काटा मोडला की दाबून रक्त काढायची सवय आहे, म्हणून हात आपसूक तिकडे जातो. पण पिळल्याने विषाणू बाहेर येतात असा पुरावा नाही, उलट त्या जागच्या पेशींना इजा होते. स्पिरिट, आयोडीन, ब्लीच किंवा डेटॉल यांनीही फायदा होत नाही, त्वचा मात्र भाजते. वाहत्या पाण्याखाली साबणाने ती जागा धुवायची, घासायची नाही. बोट टोचलं असतं तर ते तोंडात घालायचं नाही. रक्त डोळ्यात उडालं असतं तर पाण्याने किंवा सलाइनने डोळा धुवायचा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती आधी काढत बसायचं नाही, लेन्ससकट डोळा धुऊन मग ती काढायची, स्वच्छ करायची. हे सगळं पाच ओळींचं आहे. तरीही उत्तरपत्रिकेत ‘जखमेला अँटिसेप्टिक लावावे’ हे वाक्य इतक्यांदा येतं की ते लिहिणाऱ्याचे गुण कमी केल्याशिवाय ते वॉर्डातून जाणार नाही.

दुसरं उत्तर घड्याळाचं आहे. एचआयव्हीसाठीच्या प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस दोन तासांच्या आत गेलेला सर्वांत चांगला. 72 तासांनंतर सुरू करून उपयोग धरला जात नाही. म्हणजे या परिस्थितीत पहाटे 4 वाजून 40 मिनिटांच्या आत गोळी मावशींच्या पोटात गेलेली असावी. रात्री एआरटी सेंटर बंद असतं आणि ‘सकाळी बघू’ हे वाक्य नेमकं अशाच वेळी ऐकू येतं. म्हणून औषधाचा सुरुवातीचा साठा कॅज्युअल्टीसारख्या चोवीस तास चालणाऱ्या ठिकाणी ठेवायचा असतो. विद्यार्थिनीने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवायचं, मावशींना कॅज्युअल्टीत घेऊन जायचं, पहिला डोस द्यायचा आणि बाकीचा विचार त्यानंतर. औषध कोणतं, तेही विचारा: नॅकोच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, रोज एक, 28 दिवस. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची, नाहीतर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. आपल्या मावशींपैकी आणि विद्यार्थिनींपैकी कितीजणी लोहाच्या गोळ्या घेतात हे आपल्याला माहीत आहेच.

तिसरं उत्तर विचाराचं आहे आणि इथे खरे गुण ठेवा. ही जखम किती गंभीर? सुई पोकळ आहे, तिच्यात रक्त दिसतंय, ती बहुधा शिरेत गेलेली होती आणि कातडीच्या आत शिरली. एचआयव्हीचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींचा 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात खोल जखम, उपकरणावर दिसणारं रक्त, शिरेत किंवा धमनीत वापरलेलं उपकरण आणि आजाराच्या शेवटच्या टप्प्यातला स्रोत-रुग्ण, या चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मावशींच्या बाबतीत संभवतात. चौथी कळायला मार्ग नाही, कारण पिशवीतल्या सुईला पेशंटचं नाव नसतं. हाच तो क्षण जिथे कचऱ्याचा धडा आणि जखमेचा धडा एकमेकांत शिरतात. खाटेजवळ टोचली असती तर पेशंट समोर होता. त्याची संमती घेऊन रक्त तपासता आलं असतं, आणि तो निगेटिव्ह निघाला, अलीकडच्या संसर्गाची शंका नसली, तर औषध थांबवता आलं असतं. लाल पिशवीतून टोचल्यामुळे तो दरवाजा बंद झाला. ती सुईच तपासायला पाठवावी असं काही हुशार विद्यार्थी लिहितात. तसं करायचं नाही. तिच्यावरच्या तपासणीचा निकाल भरवशाचा नसतो आणि ती हाताळणाऱ्या आणखी एकाला टोचू शकते. अज्ञात स्रोत असेल तेव्हा जखम कशी आहे आणि वॉर्डात कोणते रुग्ण आहेत ते पाहून डॉक्टर पुढे औषध चालू ठेवायचं की नाही ते ठरवतात. तोवर पहिला डोस गेलेला असतो.

इतकं सगळं एचआयव्हीविषयी बोलले, कारण भीती त्याचीच असते. आकडे मात्र वेगळं सांगतात. एचआयव्ही पॉझिटिव्ह रक्ताची सुई टोचल्यावर संसर्ग होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रक्ताची सुई टोचली तर ती शक्यता 6 ते 30 टक्के. शिवाय एचआयव्ही शरीराबाहेर वाळला की लवकर दुबळा होतो, हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकून संसर्ग करू शकतो. कचऱ्याच्या पिशवीत दोन दिवस पडलेल्या सुईबाबत म्हणूनच मला पहिली काळजी हिपॅटायटिस बीची वाटते. नियम कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवू देत नाहीत, पण विषाणू त्याहून चिवट आहे.

म्हणून मावशींना विचारायचा प्रश्न: लस घेतली का, किती डोस, आणि त्यानंतर अँटिबॉडी तपासली का? 2016 चे नियम रुग्णालयावर स्पष्ट जबाबदारी टाकतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. ‘प्रत्येकाला’ यात कंत्राटी मावशी येतात, आणि पोस्टिंगला आलेली विद्यार्थिनीही. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस झाले, शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी तपासणी केली आणि अँटिबॉडीची पातळी 10 किंवा त्याहून जास्त आली, तर अशा माणसाला सुई टोचल्यावर हिपॅटायटिस बीसाठी आणखी काही करावं लागत नाही. पातळी कधी तपासलीच नसेल तर आता तपासायची. आणि लसच घेतली नसेल तर दोन गोष्टी एकाच वेळी: लसीचा पहिला डोस एका दंडात आणि हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन वेगळ्या जागी, वजनाच्या किलोमागे 0.06 मिली. मावशींचं वजन 50 किलो धरलं तर 3 मिली. हे शक्य तो 24 तासांत द्यायचं. सात दिवस उलटल्यावर त्याचा भरवसा राहत नाही. हा हिशेब परीक्षेत करायला लावा. तीन डोस घेतल्याचं कार्ड दाखवणाऱ्या, पण पातळी कधीच न तपासलेल्या विद्यार्थिनी मला सतत भेटतात. त्या स्वतःला सुरक्षित समजतात, आणि बहुतेक जणी असतातही, पण काहींच्या शरीराने लसीला प्रतिसाद दिलेला नसतो आणि ते त्यांना जखम झाल्यावर कळतं.

हिपॅटायटिस सीसाठी टोचल्यावर घ्यायचं प्रतिबंधक औषध नाही. तिथे आज रक्त तपासून ठेवायचं, काही आठवड्यांनी विषाणूची आरएनए चाचणी करायची आणि संसर्ग दिसला तर लगेच उपचार करायचे. हे उपचार आता गोळ्यांचे आणि परिणामकारक आहेत.

आज काढायच्या रक्ताचंही कारण विचारा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या पहिल्याच दिवशी करायच्या, त्या मावशींना काही झालंय का हे बघायला नव्हे, कारण आजच्या जखमेचा संसर्ग आज दिसत नाही. आज त्या निगेटिव्ह होत्या याची नोंद असली तरच उद्याचा बदल कामावर झाला असं म्हणता येतं. हिपॅटायटिस बीच्या तपासणीला दुसरंही कारण आहे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही औषधं त्या विषाणूवर चालतात. मावशींना आधीपासूनच हिपॅटायटिस बी असेल आणि 28 दिवसांनी गोळी एकदम बंद केली तर यकृताचा दाह उसळू शकतो. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर परिणाम करू शकतं, म्हणून क्रिएटिनिनही बघायचं. पुढे एचआयव्हीची तपासणी सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. या काळात रक्तदान करायचं नाही आणि पतीपत्नी संबंधात कंडोम वापरायचा. हे मावशींना एकांतात, नीट बसून सांगावं लागतं, आणि घरी काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो. मळमळ झाली म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडणारे लोक असतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी साधा फोन केला तर त्यांतले बरेच टिकतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटी नोंदीचा भाग, ज्याला परीक्षेत कोणी हात लावत नाही. 2016 च्या नियमांत मोठा अपघात म्हणजे कचऱ्याची गाडी उलटणं, कचरा पाण्यात जाणं असं काही. सुई टोचणं त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेलं आहे. म्हणून काही ठिकाणी त्याची नोंदच करायची नसते असा समज पसरला. तसं नाही. इतर सर्व अपघातांची आणि त्यांवर काय केलं याची माहिती वार्षिक अहवालात द्यावी लागते आणि तो अहवाल दरवर्षी 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. आणि 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सांगतो की कामावर एचआयव्हीचा संपर्क येऊ शकणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला प्रतिबंधक औषध पुरवणं ही आस्थापनेची जबाबदारी आहे. मावशी कंत्राटदाराच्या आहेत म्हणून त्यांना बाहेरून औषध आणायला सांगणारा माणूस कायदा मोडतो आहे, हे वॉर्डातल्या विद्यार्थिनीला माहीत असलं पाहिजे, कारण पहाटे तीन वाजता मावशींच्या बाजूने बोलायला दुसरं कोणी हजर नसतं.

नोंदीत काय लिहायचं, तेही प्रश्नात मागा. किती वाजता, कुठे, कोणती सुई, किती खोल, हातात कोणते ग्लोव्हज होते, धुतलं कधी, पहिला डोस किती वाजता. आणि एक रकाना असा, की ही सुई लाल पिशवीत कशी आली. मावशींना ‘सांभाळून उचलत जा’ म्हणून सही घेणं हे त्या रकान्याचं उत्तर होत नाही. त्या रात्री हब कटर कुठे होता, पांढरा डबा भरलेला होता का, सुया कोण काढत होतं आणि किती घाईत होतं, हे लिहावं लागतं. माझ्या अनुभवात हा रकाना प्रामाणिकपणे भरला की उपाय साधा निघतो: डबा खाटेजवळच्या ट्रॉलीवर आणला जातो, नाहीतर हब कटरचं बोथट झालेलं पातं बदललं जातं.

या सगळ्याला मिळून दहा गुणांचा एक प्रश्न करा. दोन गुण ट्रेमधल्या वस्तूंना, तीन गुण पाण्याला आणि पहिल्या दोन तासांना, तीन हिपॅटायटिस बीच्या निर्णयाला आणि हिशेबाला, उरलेले दोन त्या शेवटच्या रकान्याला. जो विद्यार्थी जखमेला स्पिरिट लावेल किंवा पहिला डोस सकाळवर ढकलेल, त्याला पाण्याच्या आणि पहिल्या दोन तासांच्या तीन गुणांतला एकही देऊ नका. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी तोच प्रश्न कॅज्युअल्टीतल्या इंटर्नच्या बाजूने लिहा: पहाटे 3 वाजता सिस्टर मावशींना घेऊन आली आहे, औषधाचं कपाट कुलूपबंद आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते झोपले आहेत. तिथून पुढे लिही म्हणावं.

आपली नम्र,
एक इन्फेक्शन कंट्रोल नर्स